बीममधली तिरकी भेग: इपॉक्सी भरावे की सिमेंट ग्राउट?

काँक्रीटचा एक बीम डोळ्यांसमोर आणा. रुंदी ३०० मिलिमीटर, खोली ५०० मिलिमीटर. त्याच्या एका टोकाला, कॉलमपासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने एक भेग निघते आणि तिरकी होत बीमच्या मधल्या भागाकडे वर चढते. तिची लांबी साधारण ६०० मिलिमीटर आहे आणि वरच्या कडेला पोहोचण्याआधीच ती बारीक होऊन संपते. बीमच्या दुसऱ्या बाजूलाही अगदी तशीच रेघ दिसते, म्हणजे भेग वरवरची नसून संपूर्ण रुंदीतून आरपार गेलेली आहे. मोजपट्टीने पाहता ती सर्वांत रुंद जागी ०.५ मिलिमीटर भरते. अशी भेग दुरुस्त करायची तर तिच्यात इपॉक्सी दाबाने भरावे की सिमेंटचे पातळ ग्राउट सोडावे, हा प्रश्न दुरुस्तीच्या कामात वारंवार येतो. त्याचे उत्तर पुष्कळदा हाताशी असलेल्या साहित्यावरून किंवा खर्चावरून दिले जाते. वास्तविक ते उत्तर भेगेकडूनच मिळवायचे असते, आणि भेग ते बऱ्यापैकी स्पष्टपणे देते.

त्यासाठी बीममध्ये कोण काय काम करते ते आधी पाहावे लागेल. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या तुलनेत सुमारे एक दशांशच असते. म्हणून ताणाच्या जागी सळया घालतात. बीम वाकला की त्याच्या मध्यभागी, खालच्या बाजूस, बारीक उभ्या भेगा पडतात. तिथला ताण सळया घेतात. त्यामुळे ०.२ ते ०.३ मिलिमीटरपर्यंतच्या उभ्या भेगा संकल्पनातच गृहीत धरलेल्या असतात आणि त्या दिसल्या म्हणून घाबरण्याचे कारण नसते. तिरक्या भेगेचे तसे नाही. आधाराजवळ बीमवर कातरबल अधिक असते, म्हणजे बीमचा एक भाग दुसऱ्या भागावरून खाली सरकू पाहत असतो. हे सरकणे काही अंशी मुख्य सळयांभोवती बसवलेल्या उभ्या रिंगा अडवतात आणि काही अंशी काँक्रीट स्वतः अडवते, कारण भेगेच्या दोन्ही खडबडीत बाजू एकमेकींत दातांसारख्या अडकलेल्या असतात. भेग जितकी रुंद होत जाते तितके हे दात एकमेकांपासून सुटत जातात. म्हणून तिरक्या भेगेत काही भरायचे ते ती झाकण्यासाठी नव्हे; त्या दोन बाजू पुन्हा एकजीव होऊन बळ पलीकडे पोहोचवू लागल्या पाहिजेत, हा हेतू असतो. रचनात्मक दुरुस्ती म्हणतात ती हीच, आणि दोन्ही साहित्यांची खरी कसोटीही याच अपेक्षेवर लागते.

सिमेंट ०.४ मिलिमीटरच्या भेगेत का शिरत नाही

प्रथम सिमेंटचा विचार करू, कारण ते काँक्रीटच्याच जातीचे असल्याने तेच भरणे स्वाभाविक वाटते. सिमेंट ग्राउट म्हणजे पाण्यात तरंगणारे सिमेंटचे कण. ते साखरेसारखे विरघळलेले नसतात, हे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. साध्या सिमेंटचे मोठे कण ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत असतात आणि १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. भरण्यापूर्वी बीमला टेकू दिले की आपली ०.५ मिलिमीटरची भेग थोडी मिटते, ते पुढे येईलच; म्हणून तिची रुंदी ०.४ मिलिमीटर धरली तर ती ४०० मायक्रॉन झाली. हिशेबाने पाहता मोठ्यातले मोठे चार कण शेजारी शेजारी मावतील, मग अडचण कोठे आहे?

अडचण अशी की कण एकेकटे शिस्तीने आत जात नाहीत. ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, आणि भेगेच्या बाजूही काचेसारख्या सपाट नसतात. कोठे खडीचा कोपरा पुढे आलेला असतो, कोठे भेग एकदम अरुंद होऊन वळलेली असते. अशा एखाद्या चिमट्याच्या जागी चार-सहा कण एकाच वेळी आले की त्यांची कमान बनते. धान्य ओतताना नरसाळ्याच्या तोंडाशी दाणे अडकून बसतात, तसाच हा प्रकार आहे. कमान बसली की मागून येणाऱ्या दाबामुळे कणांतून फक्त पाणी पुढे निसटते आणि सिमेंट तोंडाशी थापत जाते. पंपावरचा काटा दाब वाढल्याचे दाखवतो, ग्राउट जाणे थांबते, आणि काम करणाऱ्याला वाटते की भेग भरली. प्रत्यक्षात पहिले काही सेंटिमीटर भरलेले असतात आणि आतली भेग मोकळीच राहते. सैद्धांतिकदृष्ट्या भेगेची रुंदी मोठ्या कणाच्या किमान तिप्पट हवी असे मानतात; व्यवहारात पाचपट किंवा त्याहून अधिक असल्याशिवाय खात्री देता येत नाही. गुठळ्या आणि खडबडीतपणा जमेस धरता साध्या सिमेंटच्या ग्राउटचा भरवसा एक मिलिमीटरहून रुंद भेगेतच धरावा, हे माझे मत.

यावर उपाय म्हणून अतिसूक्ष्म सिमेंट मिळते. त्याचे बहुतेक सर्व कण १५ ते २० मायक्रॉनच्या आत असतात, आणि पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारे रसायन घालून ते नीट घुसळले तर ते आपल्या भेगेत शिरू शकते. मात्र शिरणे आणि जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राउट सहज वाहावे म्हणून त्यात पाणी वाढवण्याचा मोह होतो. वजनाने सिमेंटइतकेच पाणी घेतले, तर एक किलो सिमेंटची घन जागा सुमारे ०.३२ लिटर आणि पाण्याची एक लिटर, म्हणजे भरलेल्या आकारमानाचा तीन चतुर्थांश भाग पाणीच. सिमेंटची रासायनिक क्रिया त्यातील थोडेच पाणी बांधून घेते. उरलेले पाणी एकतर वर निथळते, आणि मग तिरक्या भेगेच्या वरच्या बाजूस पोकळी राहते, किंवा सावकाश वाळून मागे सूक्ष्म छिद्रे सोडते, आणि त्याबरोबर ग्राउट आक्रसते. एवढ्या बारीक थरातील आक्रसणे भेगेच्या बाजूपासून सुटण्यास पुरेसे असते. शिवाय भेगेच्या कोरड्या बाजू पाणी शोषून घेतात, म्हणून आधी भेग ओली करावी लागते, आणि ओली करताना साचलेले पाणी राहिले तर ग्राउट आणखी पातळ होते. हे सर्व सांभाळले तरी जुन्या भेगेच्या पृष्ठभागाशी सिमेंटची पकड काँक्रीटच्या मूळ ताणशक्तीइतकी मिळेल, असे धरून चालता येत नाही. दाबाच्या दिशेने ते ग्राउट उत्तम काम करील. ताणात मात्र पुन्हा त्याच रेषेवर उघडेल.

इपॉक्सी काय करते

इपॉक्सी हे दोन घटकांचे मिश्रण असते, एक रेझिन आणि दुसरे हार्डनर. दोन्ही एकत्र येईपर्यंत ती द्रवरूपच राहतात. एकत्र आली की त्यांच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते आणि द्रवाचा घन पदार्थ होतो. यात वाळून जाण्यासारखे पाणी नसते, म्हणून आक्रसणे फार थोडे असते. आणि यात कण नसतात, म्हणून कमान बसण्याचा प्रश्नच उरत नाही. भेगांसाठीचे इपॉक्सी पाण्यापेक्षा शेकडो पट घट्ट असले तरी मधापेक्षा पुष्कळ पातळ असते, आणि योग्य रीतीने भरले तर ते ०.०५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगेत पोहोचते. घट्ट झाल्यावर त्याची ताणशक्ती ३० मेगापास्कलच्या पुढे जाते. साध्या काँक्रीटची असते दोन ते चार मेगापास्कल. म्हणून नीट जोडलेला नमुना ताणून तोडला तर तो जोडावर न तुटता शेजारच्या काँक्रीटमध्ये तुटतो. भेगा भरण्याच्या साहित्याविषयीचे युरोपीय मानक ‘ईएन १५०४’ आपल्या पाचव्या भागात बळ पलीकडे नेणारे भरण, लवचीक भरण आणि पाण्याने फुगणारे भरण असे वेगवेगळे वर्ग करते. खरेदी करताना डब्यावर नुसते ‘इपॉक्सी’ न पाहता ते बळ नेणाऱ्या वर्गातले आणि भरताना पातळ राहणारे आहे ना, हे पाहावे. फरशी चिकटवण्याचे किंवा रंगाखाली लावायचे इपॉक्सी या कामाचे नव्हे.

आपल्या उदाहरणातील भेग, म्हणजे कोरडी, स्थिर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची आणि बळ वाहून नेणारी भेग, हे इपॉक्सीचेच क्षेत्र आहे. सिमेंट तेथे स्वस्त पडते असा युक्तिवाद होतो. पण या भेगेत साहित्य लागते किती, ते पाहिले की त्या युक्तिवादात फारसा दम राहत नाही.

भरण्यापूर्वीचे काम

इंजेक्शनची तयारी पंपापासून सुरू होत नाही. भेग अजून हलते आहे की थांबली आहे, हे आधी ठरवावे लागते. भेगेच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या पिना पक्क्या बसवून त्यांतील अंतर काही आठवडे मोजत राहावे; मोजमाप शक्यतो रोज एकाच वेळी घ्यावे आणि त्यासोबत तापमानही नोंदवावे, कारण थंडीत काँक्रीट आक्रसले की भेग रुंदावते आणि उन्हात मिटते. नोंदी तापमानाबरोबर वरखाली होऊन पुन्हा मूळ जागी येत असतील तर भेग स्थिर समजावी. तापमान काहीही असो, अंतर एकाच दिशेने वाढत असेल तर पाया खचतो आहे, भार वाढतो आहे किंवा आत गंज चालू आहे. अशा भेगेत इपॉक्सी भरणे व्यर्थ आहे. जोड इतका पक्का बसतो की हालचाल थांबलेली नसेल तर बोटभर अंतरावर नवी भेग पडते.

गंजाची भेग ओळखणे त्यामानाने सोपे असते. ती तिरकी नसते, मुख्य सळईच्या रेषेवर आडवी धावते, आणि बहुधा तांबूस डाग दाखवते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि वरचे आच्छादन फोडतो. तेथे ना इपॉक्सी ना ग्राउट. आच्छादन काढून सळई साफ करणे हाच मार्ग. भेग भरून ती झाकली तर आतला गंज चालूच राहतो, फक्त तो दिसेनासा होतो.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. बीमवरचा भार आधी कमी करावा, म्हणजे वरचे सामान हटवावे आणि खाली टेकू देऊन स्क्रूने थोडे वर कसावे. कारण असे की भार तसाच ठेवून भेग भरली, तर त्या क्षणी इपॉक्सीवर कोणतेही बळ नसते. असलेला सर्व भार सळया आणि रिंगा आधीच वाहत आहेत, आणि त्या तो तसाच वाहत राहतील. इपॉक्सी केवळ पुढे वाढणाऱ्या भारात वाटा उचलील. टेकू देऊन भार उतरवला, भेग भरली, घट्ट होऊ दिली आणि मग टेकू काढले, तर परत येणारा भार जोडलेल्या काँक्रीटमधून वाटला जातो. शिवाय टेकू कसल्यावर भेग काहीशी मिटते; आपल्या बीममध्ये ती ०.५ वरून ०.४ मिलिमीटरवर आली असे समजू. पूर्ण मिटत नाही, कारण दात जागचे किंचित सरकलेले असतात आणि तुटलेला चुरा मध्ये अडकलेला असतो. येथून पुढे हिशेब ०.४ चाच.

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे आणि तो कागदावर लिहून ठेवावा. रुंदी ०.४, बीमची जाडी ३००, भेगेची लांबी ६०० मिलिमीटर. गुणाकार ७२,००० घन मिलिमीटर, म्हणजे ७२ मिलिलिटर. चहाच्या एका लहान कपाहूनही कमी. टोकांकडे भेग बारीक होत असल्याने प्रत्यक्षात याहूनही थोडे कमी लागेल. नळ्या, पंप आणि सांडणे यांसाठी दुप्पट मिश्रण तयार ठेवले तरी पुरे. या आकड्याचा उपयोग काम संपल्यावर होतो: आत वीसच मिलिलिटर गेले असेल तर भेग भरलेली नाही, चारशे मिलिलिटर गेले तर ते दुसरीकडे कोठेतरी जात आहे, बहुधा आतल्या पोकळीत किंवा एखाद्या वायरच्या पाइपात.

भरण्याची रीत

भेगेच्या काठावरचा रंग, प्लास्टर आणि धूळ तारेच्या ब्रशने काढून ती कोरड्या, तेलविरहित हवेने फुंकावी. येथे एक चूक हमखास होते: काठ रुंद करण्यासाठी ग्राइंडर फिरवतात आणि त्याची भुकटी भेगेत ठासली जाते. नंतर इपॉक्सी आत जात नाही आणि दोष इपॉक्सीला दिला जातो. पाण्यानेही धुऊ नये, कारण साधे इपॉक्सी ओल्या पृष्ठभागाला चिकटत नाही. ओल सहन करणारे प्रकार मिळतात, परंतु भेगेतून पाणी वाहत असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

त्यानंतर भेगेवर ठरावीक अंतरावर छोट्या नळ्या बसवतात, ज्यांना कामावर नोझल म्हणतात, आणि त्यांच्या मधला उघडा भाग इपॉक्सीच्या पुट्टीने बंद करतात. नळ्यांतील अंतर मनाला येईल तसे ठेवून चालत नाही. भेगेत सोडलेला द्रव चहूबाजूंना सारखा पसरतो. नळ्या फार जवळ असतील तर तो खोलवर पोहोचण्याआधीच शेजारच्या नळीतून बाहेर येईल आणि भरल्याचा भास होईल. म्हणून द्रवाने जेवढे खोल जायला हवे, तेवढे तरी अंतर नळ्यांत असावे. आपण दोन्ही बाजूंना नळ्या बसवणार आहोत, तेव्हा प्रत्येक बाजूकडून निम्मी जाडी, म्हणजे १५० मिलिमीटर. सहाशे मिलिमीटर लांबीवर दोन्ही टोके धरून एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा नळ्या झाल्या. दोन्ही बाजूंना नळ्या ठेवण्याचा खरा लाभ वेगळाच आहे: एका बाजूने सोडलेले इपॉक्सी समोरच्या बाजूने बाहेर आलेले डोळ्यांनी पाहता येते, आणि आरपार भरल्याचा याहून सरळ पुरावा कामावर मिळत नाही.

सुरुवात सर्वांत खालच्या नळीपासून करतात, म्हणजे आतली हवा वर ढकलली जाते. समोरच्या नळीतून बुडबुड्यांविना अखंड इपॉक्सी येऊ लागले की ती बंद करायची. वरच्या नळीतून आले की खालची बंद करून पंप वर न्यायचा. प्रत्येक ठिकाणी दाब काही काळ धरून ठेवायचा, कारण बारीक फाटे भरायला वेळ लागतो.

दाबाविषयी गैरसमज फार आहे. समान दाबाखाली भेगेतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण रुंदीच्या घनावर अवलंबून असते. रुंदी निम्मी झाली की प्रवाह एक अष्टमांश होतो. ही तूट दाब दुप्पट करून भरून निघत नाही. तिला पातळ द्रव आणि धीर लागतो. उलट दाब वाढवण्यात धोका आहे. आपल्या भेगेच्या एका बाजूचे क्षेत्रफळ ३०० गुणिले ६००, म्हणजे १,८०,००० चौरस मिलिमीटर आहे. त्यावर सगळीकडे अर्धा मेगापास्कल दाब बसला तर ९० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे नऊ टनांचे बळ, भेग उघडण्याच्या दिशेने लागेल. पंपापासून दूर जाताना दाब घटत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष बळ याहून कमी राहते. तरी पंपाचा हात आवळून धरणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पुट्टी उखडली तर काम फार तर दिवसभर थांबते. त्यापेक्षा वाईट म्हणजे भेग थोडी पुढे सरकलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

मिश्रणाचे प्रमाण उत्पादकाने सांगितले असेल त्याप्रमाणेच ठेवावे, आणि ते वजनाने सांगितले आहे की आकारमानाने, हे डब्यावर वाचून घ्यावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून जास्त हार्डनर घालण्याची सवय सर्वस्वी चुकीची आहे. सिमेंटमध्ये काही वाढवले-कमी केले तरी ते शेवटी घट्ट होते, इपॉक्सीत मात्र जास्तीचा घटक जाळीत न अडकता तसाच राहतो आणि जोड चिवट रबरासारखा मऊ पडतो. मिश्रण थोडे थोडे करावे, कारण मोठ्या भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून अर्ध्या तासाच्या आत घट्ट होऊ लागते. प्रत्येक मिश्रणातले थोडेसे एका कागदी कपात बाजूला ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतले, तर भेगेतलेही तसेच आहे असे समजावे. इतकी स्वस्त चाचणी या क्षेत्रात दुसरी नाही आणि ती टाळण्याला कोणतेही कारण मला सापडलेले नाही.

दिवसाची वेळही निवडून घ्यावी. भर उन्हात भेग मिटलेली असताना भरली, तर रात्री ती उघडू पाहताना ताजा जोड ताणला जाईल. सकाळी भरणे बरे. मात्र फार थंडीत इपॉक्सी दाट होऊन वाहत नाही आणि जमायलाही वेळ घेते.

भरले हे कशावरून

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे भेगेच्या रेषेवरून सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचा कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोलाकार नमुना, कापून काढणे. त्याआधी सळया शोधणाऱ्या यंत्राने रिंगांच्या जागा आखून घ्याव्यात, कारण तिरक्या भेगेच्या बीममध्ये रिंग कापणे म्हणजे दुखण्यात भर घालणे. कोअरमध्ये भेगेच्या खोलीपैकी किमान ९० टक्के भाग भरलेला दिसला तर काम स्वीकारण्याचा प्रघात आहे. कोअर दाबयंत्रात फोडून पाहिला तर तो जुन्या भेगेवर न उघडता इतरत्र फुटावा.

काँक्रीट न फोडता पाहायचे तर ध्वनिलहरींची चाचणी करतात. चांगल्या काँक्रीटमधून त्या सेकंदाला सुमारे चार किलोमीटर वेगाने जातात आणि मोकळ्या भेगेला वळसा घालावा लागल्यास उशिरा पोहोचतात. या चाचणीत दोन फसवणुकी आहेत. पहिली अशी की बीमच्या एका बाजूकडून समोरच्या बाजूकडे लहर पाठवली, तर ती आपल्या भेगेला छेदतच नाही, भेगेच्या पातळीला समांतर धावते. निकाल उत्तम येतो आणि त्याला काहीही अर्थ नसतो. लहर भेग ओलांडून जायला हवी, म्हणून लहर पाठवणारा आणि टिपणारा असे दोन्ही शोधक एकाच बाजूवर, भेगेच्या अलीकडे आणि पलीकडे ठेवावे लागतात. दुसरी फसवणूक ओलाव्याची आहे: भेगेत पाणी असले तरी लहर ते पार करते. म्हणून भेग कोरडी असताना, भरण्यापूर्वी आणि नंतर, त्याच बिंदूंवर घेतलेल्या नोंदींचीच तुलना करावी.

सिमेंटची जागा कोठे

आतापर्यंतच्या विवेचनावरून सिमेंट ग्राउट निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. त्याच बीमच्या तळाशी, सळयांच्या गर्दीत, काँक्रीट नीट न बसल्यामुळे मधाच्या पोळ्यासारखी पोकळी राहिली असेल, तर तेथे इपॉक्सी भरणे चूक आहे. जाड थरात ते स्वतःच्या उष्णतेने तापते आणि थंड होताना तडकू शकते. शिवाय तापमानाबरोबर ते काँक्रीटपेक्षा कितीतरी पट अधिक फुगते-आक्रसते, आणि त्याचा कडकपणा काँक्रीटच्या एक दशांशाच्या आसपास असतो. अर्धा मिलिमीटरच्या थरात हे फरक जाणवत नाहीत. मुठीएवढ्या गोळ्यात जाणवतात. तेथे न आक्रसणारे सिमेंट ग्राउटच योग्य. ते ओल्या जागेत घट्ट होते, आजूबाजूच्या काँक्रीटप्रमाणेच वागते, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे सळईवर गंजरोधक थर टिकून राहतो. इपॉक्सी सळईला हवा-पाण्यापासून झाकते, परंतु हे रासायनिक संरक्षण देत नाही.

आगीचाही मुद्दा आहे. नेहमीच्या तापमानाला घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतात. बीमच्या पोटातील भेगेत एरवी तेवढी उष्णता पोहोचत नाही. आगीत मात्र ती सहज पोहोचते. म्हणून आग लागली असता जोड नाहीसा झाला असे धरूनही बीम उभा राहील का, हे संकल्पकाने रिंगा आणि सळयांच्या भरवशावर तपासून घ्यायचे असते. नसेल राहत, तर अग्निरोधक थर द्यावा लागतो.

‘आधी सिमेंट सोडून पाहू, नाहीच जमले तर इपॉक्सी भरू’ ही तडजोड मात्र मी नेहमी नाकारतो. सिमेंटचा अर्धवट थर भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसतो, तोंड बुजवतो, आणि मागून येणाऱ्या इपॉक्सीला काँक्रीटऐवजी त्या दुबळ्या थराला धरावे लागते. तो थर भेगेतून पुन्हा काढता येत नाही. इपॉक्सीची संधी अशा भेगेत एकदाच मिळते.

बीमवर किती भरवसा ठेवावा

जोड घट्ट झाल्यावर, साधारण आठवड्यानंतर, टेकू थोडे थोडे सैल करत काढावेत आणि पिनांमधील अंतर पुन्हा मोजत राहावे. भेग कशामुळे पडली होती, यावर पुढचे अवलंबून आहे. एकदाच आलेल्या अतिरिक्त भाराने, उदाहरणार्थ बांधकामाच्या काळात रचलेल्या साहित्याने, ती पडली असेल तर एकजीव झालेला बीम पूर्वीसारखा वागेल. परंतु रिंगाच कमी असतील किंवा भार कायमचा वाढला असेल, तर इपॉक्सीने बीमला फार तर भेग पडण्यापूर्वीच्या अवस्थेत आणले आहे, आणि त्या अवस्थेतूनच तो एकदा फाटला होता. त्याला काँक्रीटचे जाकीट किंवा कार्बन तंतूंचे पट्टे लागतील. भेग भरणे ही त्याआधीची पायरी ठरेल.

हे ओळखण्याची खूणही बीमवरच उमटते. काही महिन्यांनी जुन्या रेघेला समांतर, तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर नवी बारीक भेग दिसली, तर जोड निकामी झाला म्हणून पुन्हा पंप मागवू नये. जोड शाबूत आहे, म्हणूनच भेगेला शेजारच्या काँक्रीटमधून वाट काढावी लागली. टेकू परत लावावेत आणि रिंगांचा हिशेब काढायला बसावे.